पुराची नोटीस आली, उत्तरात काय लिहायचं?

प्रश्न: भोसरीत माझं मशीन शॉप आहे. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीकडून पंपाच्या केसिंगची कास्टिंग घेते. वडिलांच्या वेळेपासूनचे संबंध आहेत. १,२०० नगांची पीओ होती. १० जुलै, ३१ जुलै आणि २० ऑगस्टला प्रत्येकी ४०० नग यायचे होते. २४ जुलैला पूर आला, तोवर २५० नगच आले होते. ३ ऑगस्टला मेल आला: 'पूरस्थितीमुळे फोर्स मेजर लागू होत आहे. पुढील सूचनेपर्यंत पुरवठा स्थगित. विलंबाची जबाबदारी आमची राहणार नाही.' बस, एवढंच. माझा ग्राहक उशिराबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का कापतो. अकाउंटंट म्हणतो कडक नोटीस द्या. आई म्हणते त्यांच्याकडे पाणी शिरलंय, सबुरीनं घ्या. उत्तरात नेमकं काय लिहू?

उत्तर: आज आधी फोन करा. माणसं सुखरूप आहेत का, कामगारांच्या घरांचं काय झालं, हे मनापासून विचारा. मात्र पुरवठ्याचं काहीही फोनवर ठरवू नका. 'बघू, सवडीनं द्या' असं आपुलकीनं बोललेलं वाक्य पुढे 'त्यांनी मुदत वाढवून दिली होती' असं कागदावर येतं. फोन झाला की दोन दिवसांच्या आत लेखी उत्तर पाठवा. त्यात त्यांचा दावा मान्यही करायचा नाही आणि फेटाळायचाही नाही. नोटीस मिळाली, तिची छाननी चालू आहे, त्यासाठी आम्हाला ही माहिती हवी, आणि तोवर आमचे सगळे हक्क राखून आहेत, इतकाच त्याचा सूर असू द्या.

लिहायला बसण्याआधी पीओ आणि त्यांचं कोटेशन, दोन्ही पाठपोट वाचा. फोर्स मेजरचं, म्हणजे आवाक्याबाहेरच्या आपत्तीत जबाबदारीतून सूट देणारं कलम बरेचदा कोटेशनच्या मागच्या बारीक छपाईत असतं. ते असेल तर तीन गोष्टी पाहा: पूर त्यात येतो का, नोटीस किती दिवसांत द्यायची होती, आणि अडचण किती दिवस लांबली तर ऑर्डर रद्द करता येते. कलम कुठेच नसेल, तर नुसतं 'फोर्स मेजर लागू' असं लिहून जबाबदारी संपत नाही. मग त्यांना भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ कडे जावं लागेल, आणि तिथे काम अवघड झालं किंवा महाग पडलं हे पुरत नाही, ते अशक्य झालं असं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना फोर्स मेजरचा आधार मिळाला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुरानंतर थोड्याच दिवसांत 'माल देतो, पण किलोमागे दर वाढवा' असा फोन येण्याची शक्यता बरीच असते. दरवाढीची बोलणी जरूर करा, पण ती वेगळी ठेवा. तिचा पुराच्या नोटिशीशी संबंध जोडू देऊ नका.

आता तुमच्याच तारखांकडे या, कारण सगळ्यात मोठी गोष्ट तिथे आहे. १० जुलैला ४०० नग यायला हवे होते आणि पूर आला तेव्हा २५० आलेले होते. म्हणजे १५० नग पुराच्या आधीच चौदा दिवस थकले होते. त्या उशिराला पूर कारण नाही, आणि तो पुराच्या खात्यावर टाकू द्यायचा नाही. उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात हे आकडे घाला. दुसऱ्या हप्त्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. ३१ जुलैच्या ४०० नगांपैकी २४ तारखेपर्यंत किती मोल्ड झाले होते, किती ओतले होते? एकही नसेल, तर पूर आला नसता तरी आठवड्याभरात ४०० नग तयार झाले असते का, हा प्रश्न रास्त आहे. तिसऱ्या हप्त्याबाबत मात्र त्यांची बाजू खरीच बळकट असू शकते, हेही मनाशी धरा.

याच धाग्यावरून पुराव्याकडे जाऊ. लोक इथे हमखास चुकीचा पुरावा मागतात. पूर आल्याचा दाखला मागितला की समोरून वर्तमानपत्राची कात्रणं आणि फोटो येतात, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की प्रश्न मिटला. पूर आला हे तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ रोज मोजली जाते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता, हेही तुम्ही पाहिलंय. पण महामार्गावर पाणी असणं आणि भट्टीच्या शेडमध्ये पाणी असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता बंद असेल तर तयार माल अडतो, आणि रस्ता सुरू झाला की तो निघायला हवा. शेडमध्ये पाणी शिरलं असेल तर उत्पादनच थांबतं, आणि ते सुरू व्हायला दिवस लागतात. तुम्हाला हवा आहे तो पुरावा या दुव्याचा: पाण्यामुळे तुमच्या मालाचं नेमकं कोणतं काम थांबलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.

फाउंड्रीत हे दाखवणारे कागद रोजच्या रोज तयार होत असतात, वेगळा दाखला कुणाकडून आणावा लागत नाही. पहिला कागद हीट रजिस्टरचा. भट्टीची प्रत्येक हीट कधी घेतली, किती किलोची, कुठल्या ग्रेडची, हे त्यात लिहिलेलं असतं. १ जुलैपासूनच्या पानांची प्रत मागा. इतर ग्राहकांची नावं झाकून दिली तरी चालेल. त्यावरून दोन गोष्टी कळतील: पुराआधी तुमचा माल का रखडला होता, आणि पुरानंतर भट्टी खरंच बंद आहे की दुसऱ्या कुणासाठी चालू आहे. दुसरा कागद विजेचा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, त्यामुळे भट्टी चालली की नाही हे मीटर लपवू शकत नाही. पुराच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातला वीजवापर मागा. तिसरा, विमा कंपनीला दिलेली नुकसानीची सूचना आणि सर्व्हेअर येऊन गेला असेल तर त्याची तारीख. पाण्याने खरंच नुकसान झालेला कारखानदार विमा असेल तर ही सूचना पहिल्या काही दिवसांतच देतो. त्यात कुठल्या यंत्राचं काय झालं हेही लिहिलेलं असतं. विमाच नसेल, तर यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा कामाचा अहवाल चालेल.

एवढे तीन कागद पुरेत. पानभर यादी पाठवलीत तर ज्याच्या कारखान्यात अजून चिखल आहे त्याला ती छळवणूक वाटेल, आणि उत्तर येणार नाही. यात तुमच्या आईचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

कागदांसोबत एक तक्ता मागा: २४ जुलैला तुमचे नग कुठल्या टप्प्यावर होते. मोल्ड झालेले किती, ओतलेले किती, फेटलिंगला किती, पाठवायला तयार किती. तयार असलेले किंवा फेटलिंगला आलेले नग पाण्यात भिजले तरी बहुतेक वेळा वाचतात. गंज चढतो, तो शॉट ब्लास्टिंगने निघतो. ते तुम्हाला आधी मिळायला हवेत. आणि तुमच्या पॅटर्नबद्दल न विसरता विचारा. पॅटर्न तुमच्या पैशाने बनलेला असेल, तर तो तुमची मालमत्ता आहे. ॲल्युमिनियमचा असेल तर धुऊन वापरता येतो, पण लाकडी पॅटर्न पाण्यात फुगतो, सांधे उघडतात, मापं जातात. तो भिजला असेल आणि कुणी तसाच वाळवून वापरला, तर पहिले शंभर नग तुमच्या मशीनवर चढल्यावरच कळेल की भिंतीची जाडी चुकली आहे.

सुधारित वेळापत्रकात 'लवकरात लवकर' किंवा 'परिस्थिती निवळल्यावर' हे शब्द स्वीकारू नका. आठवड्यागणिक नग मागा, आणि आलेलं वेळापत्रक स्वतः तपासून पाहा. ते कसं तपासायचं, ते तुमच्याच मालावर करून दाखवते. समजा केसिंगचं वजन १८ किलो आहे. रायझर, रनर धरून एका नगाला सुमारे २८ किलो धातू ओतावा लागतो. ५०० किलोच्या भट्टीतून एका हीटला १७ नग निघतात. दिवसाला पाच हीट झाल्या तर ८५ नग. पण सगळी भट्टी तुमच्यासाठी चालणार नाही. निम्मी मिळाली तर दिवसाला चाळीसेक. बाकी आहेत ९५०, रिजेक्शन धरून हजार ओतावे लागतील. म्हणजे २५ कामाचे दिवस, आठवड्याला एक सुट्टी धरून जेमतेम सव्वाचार आठवडे. भट्टीचा आकार आणि हीटची संख्या त्यांना विचारून तुमचे आकडे घाला.

यात सुरू होण्याआधीचे दिवस मिळवा. पाणी शिरलेली इंडक्शन भट्टी पाणी ओसरलं म्हणून लगेच चालू करता येत नाही. कॉइल आणि पॅनेल वाळवून इन्सुलेशन तपासावं लागतं. भिजलेलं लायनिंग काढून नवं भरावं आणि पद्धतशीर तापवावं लागतं. ओल्या लायनिंगवर वितळलेलं लोखंड आलं तर स्फोट होतो, माणसं जातात. म्हणून या कामाला आठ-दहा दिवस मागितले तर ते द्या, त्यात घासाघीस करू नका. १२ ऑगस्टला भट्टी सुरू झाली तर तुमचा शेवटचा नग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास यायला हवा, मध्ये गणपतीची सुट्टी आली तर आणखी दोन-तीन दिवस. त्यांनी नोव्हेंबर सांगितला, तर तुमचा वाटा कापून दुसऱ्याला दिला जातोय का ते विचारा. दहा दिवसांत सगळं देतो म्हणाले, तर तेही खरं नाही, आणि त्या भरवशावर तुमच्या ग्राहकाला तारीख देऊ नका.

सुरुवातीच्या मालाच्या दर्जाची अट वेळापत्रकातच घाला. पुरानंतर वाळू, बेंटोनाइट आणि कोअर यांत ओल राहिलेली असते. ती ओतताना वाफ होऊन कास्टिंगमध्ये ब्लो होल धरते. वरून नग चांगला दिसतो, बोअरिंग करताना आत पोकळी उघडते, आणि तोवर तुमचा मशीनचा वेळ खर्ची पडलेला असतो. म्हणून आधी पाच-दहा नग नमुन्याला मागा, ते पूर्ण मशीन करून आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेऊनच पुढच्या मालाला हिरवा कंदील द्या. एफजी २६० ग्रेड असेल तर प्रत्येक हीटच्या टेस्ट बारचा रिपोर्टही सोबत मागा.

राहिला प्रश्न नुकसान कमी करण्याचा. इथे 'तुम्ही काय उपाय करताय' असं मोघम विचारलं तर 'सर्वतोपरी प्रयत्न सुरू आहेत' असं मोघम उत्तर येतं. त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागेल असे प्रश्न विचारा. ओळखीच्या, पाणी न शिरलेल्या फाउंड्रीतून काही नग ओतून देणार का? भट्टी सुरू झाल्यावर दुसरी पाळी लावणार का? क्षमता कमी आहे तोवर ती सगळ्या ग्राहकांत ऑर्डरच्या प्रमाणात वाटणार का, आणि आमच्या वाट्याला किती टक्के? आणि सगळ्यात कळीचा प्रश्न: आमचा पॅटर्न तात्पुरता आम्हाला परत देणार का, म्हणजे थकलेले १५० नग आम्ही दुसरीकडे ओतून घेऊ?

पॅटर्न परत घेण्याने संबंध तुटत नाहीत, फक्त त्याचा हेतू पत्रात नीट लिहा. तो घेणं तुमच्याही कायदेशीर हिताचं आहे. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई ठरवताना, नुकसान टाळायला तुमच्या हातात कोणते मार्ग होते हे पाहिलं जातं. दुसरीकडे माल मिळत असताना तुम्ही दोन महिने हात बांधून बसलात, तर त्या दोन महिन्यांचा दंड त्यांच्याकडून मागता येणं अवघड होईल. म्हणून आजच पुण्यातल्या दोन फाउंड्रींकडून कोटेशन घेऊन ठेवा, माल त्यांच्याकडून घेतला नाहीत तरी कागद फाइलला राहू द्या.

पत्राचा मसुदा असा ठेवा. पीओ इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत करून घ्या.

> आपली ३ ऑगस्टची नोटीस मिळाली. पुरामुळे आपल्यावर आणि आपल्या कामगारांवर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटते.
>
> पहिल्या हप्त्यातील १५० नग १० जुलै रोजी देय होते व २४ जुलैपूर्वीच प्रलंबित होते. हा विलंब आपल्या नोटिशीच्या कक्षेत येत नाही, असे आमचे म्हणणे आहे. उर्वरित ८०० नगांबाबत आपल्या दाव्यावर निर्णय घेण्यासाठी पुढील माहिती ११ ऑगस्टपर्यंत द्यावी:
>
> १ जुलैपासूनच्या हीट रजिस्टरची प्रत, याच काळातील वीजवापर, विमा कंपनीला दिलेली सूचना अथवा दुरुस्तीचा अहवाल. २४ जुलै रोजी आमचे नग कोणत्या टप्प्यावर होते व आमच्या पॅटर्नची स्थिती काय आहे याचा तक्ता. भट्टी सुरू होण्याची तारीख व त्यानंतर दर आठवड्याला मिळणारे नग. दुसऱ्या फाउंड्रीतून ओतकाम, जादा पाळी व क्षमतेचे प्रमाणशीर वाटप याबाबत आपला निर्णय.
>
> १५० नग अन्यत्र ओतून घेण्यासाठी आमचा पॅटर्न तात्पुरता परत करावा. आमचा माणूस ठरलेल्या दिवशी तो घेण्यास येईल.
>
> हे पत्र म्हणजे आपल्या दाव्याची स्वीकृती किंवा मुदतवाढ नव्हे. पीओ व कायद्यानुसार असलेले आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.

शेवटचा परिच्छेद केवळ उपचार म्हणून घातलेला नाही. जिथे वेळ हा कराराचा गाभा असतो, तिथे उशिरा आलेला माल मुकाट्याने घेतलात तर त्या उशिराची भरपाई मागण्याचा हक्क जातो. घेतानाच तशी सूचना द्यावी लागते. हे कलम ५५ मध्ये आहे. म्हणून एकदा पत्र पाठवून थांबू नका. पुढे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चलानवर 'उशिरा मिळाला, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला' असा शिक्का मारा आणि त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवा. इनवर्डच्या माणसाला हे समजावून सांगा, कारण सही तो करतो.

अकाउंटंट रागाच्या भरात आधी आलेल्या २५० नगांचं बिल अडवून धरेल, ते होऊ देऊ नका. ती फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर स्वीकारलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर २००६ च्या एमएसएमई कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय त्यांना या घडीला भट्टी उभी करायला रोकड लागणार आहे. ते पैसे वेळेवर गेले तर तुमचा माल लवकर ओतला जाईल.

तुमच्या ग्राहकालाही याच दोन दिवसांत कळवा. त्याच्या पीओमध्ये फोर्स मेजरचं कलम असेल तर ते पुरवठादारावर आलेल्या आपत्तीलाही लागू होतं का ते पाहा. पुष्कळ कंपन्यांच्या पीओमध्ये तसं नसतं. लागू होत असेल तर तिथेही नोटिशीची मुदत असते आणि ती तुमच्यासाठी आत्ता चालू आहे. लागू होत नसेल तरी तुमच्या पत्राची प्रत, दुसऱ्या फाउंड्रीचं कोटेशन आणि नव्या तारखा घेऊन स्वतः भेटा. दंडाची सूट तोंडी मिळाली तर तीही मेलवर लिहून घ्या.

११ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाच दिवसांची मुदत देणारं स्मरणपत्र पाठवा. अर्धवट उत्तर आलं, म्हणजे वेळापत्रक आहे पण हीट रजिस्टर नाही, तर मिळालेल्या वेळापत्रकावर काम सुरू ठेवा आणि कागदांची मागणी कायम आहे असं लिहा. त्यानंतरही काही हाललं नाही आणि उरलेली ऑर्डर रद्द करायची वेळ आली, तर ते पत्र मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. रद्द करण्याचा हक्क नसताना ऑर्डर रद्द केली तर करार तुम्ही मोडला असं ठरतं, आणि भरपाई मागणारे ते होतात.